पंखा ओरडतो, कारण त्याला तसं सांगितलेलं असतं

दुकानातून जोडून आणलेला नवा पीसी पहिल्याच रात्री खटकतो तो बहुतेक वेळा आवाजामुळे. काम काहीच चाललेलं नसतं. ब्राउझरमध्ये एक पान उघडलं की कॅबिनेटमधून घर्र असा आवाज चढतो, चार सेकंदांनी उतरतो, पुढचं पान उघडलं की पुन्हा चढतो. लॅमिंग्टन रोडवर मशीन जोडणारा मुलगा पार्ट बसवतो, विंडोज टाकतो, स्क्रीन उजळली की खोका बांधतो. पंख्यांच्या सेटिंगला कुणी हात लावत नाही आणि त्याला दोषही देता येत नाही, कारण त्या कामाचे पैसे कुणी देत नाही. मग घरी माणूस महागडे ‘सायलेंट’ पंखे शोधू लागतो. माझ्या मते नवे पंखे घेण्याआधी आहे त्याच पंख्यांना मदरबोर्ड काय सांगतोय ते बघावं. बऱ्याचदा दुरुस्ती तिथेच होते आणि ती फुकट असते.

मदरबोर्डवर पंख्याची वायर खोचायला छोटे उभे पिन असतात, त्यांना फॅन हेडर म्हणतात. शेजारी बारीक अक्षरात नाव छापलेलं असतं. प्रोसेसरच्या कूलरसाठी `CPU_FAN`, कॅबिनेटच्या पंख्यांसाठी `CHA_FAN1` किंवा `SYS_FAN1`, वॉटर कूलिंगच्या पंपासाठी `AIO_PUMP` किंवा `PUMP_FAN`. पंपाचं हेडर मुद्दाम पूर्ण वेगाने चालवण्यासाठी ठेवलेलं असतं, त्यामुळे तिथे साधा पंखा खोचला की तो दिवसभर ओरडतो. `CPU_FAN` रिकामं ठेवलं तर अनेक बोर्ड सुरू होतानाच पंखा नसल्याची तक्रार करून थांबतात.

हेडरला चार पिन असतात. पहिला ग्राउंडचा, दुसरा १२ व्होल्टचा. तिसऱ्यावरून पंखा आपला वेग कळवतो. एका फेऱ्यात दोन ठोके, म्हणजे ९०० आरपीएमला सेकंदाला ३० ठोके, आणि ते मोजून बोर्ड वेग दाखवतो. चौथा पिन उलट्या दिशेचा आहे, त्यावरून बोर्ड पंख्याला हुकूम देतो. स्वस्त पंख्याच्या कनेक्टरला हा चौथा पिनच नसतो. तो तीन पिनी कनेक्टर चार पिनांच्या हेडरवर खाचेमुळे बरोबर पहिल्या तिघांवर बसतो आणि चौथा मोकळा राहतो. जोडणी यात काही चुकत नाही, पण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

तीन पिनी पंख्याला हळू करायचा एकच मार्ग आहे, त्याचं व्होल्टेज कमी करणं. १२ व्होल्टला तो १२०० आरपीएमने फिरत असेल तर ७ व्होल्टला साधारण ७००च्या आसपास येतो. घरातल्या छताच्या पंख्याचा रेग्युलेटर पंख्याच्या नकळत त्याला मिळणारी वीज आवळतो, तसंच हे. फर्मवेअरमध्ये याला डीसी मोड म्हणतात.

चार पिनी पंख्याचं तंत्र निराळं आहे. त्याला १२ व्होल्ट कायम पूर्ण मिळतात. चौथ्या तारेवरून सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद होणारा एक इशारा जातो. त्या प्रत्येक चक्रातला किती भाग ‘चालू’ आहे, त्यावरून पंख्याच्या पोटातलं सर्किट आपला वेग ठरवतं. चाळीस टक्के चालू म्हणजे साधारण चाळीस टक्के वेग. याचं नाव पीडब्ल्यूएम. इंटेलने या चार तारी पंख्याचा जो नियम आखून दिला, त्यात ही २५ किलोहर्ट्झची वारंवारिता मुद्दाम घेतली आहे. माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास संपते, त्यामुळे या चालू-बंदचा गुणगुणाट ऐकू येत नाही. मोटरला वीज पूर्ण मिळत असल्याने असा पंखा बराच खाली, कित्येकदा वीस टक्क्यांपर्यंत, न अडखळता फिरतो. आणखी एक सोय त्या नियमातच आहे. हुकमाची तार तुटली किंवा मोकळी राहिली तर पंखा पूर्ण वेगाने फिरतो. काही बिघडलं तरी मशीन थंड राहावं, हा त्यामागचा हेतू.

आता घोळ. बोर्डाचं हेडर पीडब्ल्यूएम मोडवर आहे आणि त्यावर तीन पिनी पंखा बसलाय. बोर्ड चौथ्या पिनवर ‘हळू हो’ म्हणत राहतो, पण तिथे ऐकणारं कुणी नाही. दुसऱ्या पिनवर १२ व्होल्ट कायम, म्हणून पंखा कायम पूर्ण वेगात. आलेख कसाही आखा, आकडा हलत नाही. हे ओळखणं सोपं आहे. फर्मवेअरमध्ये त्या हेडरचा वेग तात्पुरता ४० टक्क्यांवर आणा आणि आरपीएम बघा. १२००चे १२००च राहिले तर मोड चुकलाय. उलटी चूकही होते. हेडर डीसीवर आणि पंखा चार पिनी. हा चालतो, पण व्होल्टेज खूप उतरलं की पंख्यातलं सर्किटच झोपतं आणि खालचे, म्हणजे सर्वात शांत, वेग हातचे जातात. ऑटो नावाचा पर्याय बोर्ड सुरू होताना पंख्याचा प्रकार स्वतः ओळखतो. बहुधा बरोबर ओळखतो, पण मध्ये स्प्लिटर किंवा हब असेल तर फसू शकतो. म्हणून मी मोड हातानेच निवडतो. जुन्या बोर्डांची एक गोम माहीत असलेली बरी. काही ठिकाणी कॅबिनेटच्या हेडरला चार पिन असूनही आतून ते फक्त डीसी असतं, तर काही ठिकाणी `CPU_FAN` फक्त पीडब्ल्यूएम. पिन मोजून हे कळत नाही, बोर्डाचं मॅन्युअल उघडावं लागतं.

एका गोष्टीवर फर्मवेअरचा काहीच इलाज नाही. दिव्यांच्या स्वस्त पंख्यांचे संच अनेकदा स्वतःच्या सहा पिनी कनेक्टरने स्वतःच्याच डब्यात जातात, आणि तो डबा एसएमपीएसच्या मोठ्या मोलेक्स वायरीवर चालतो. अशा पंख्यांना बोर्ड दिसतच नाही. त्यांचा वेग ठरेल तो डब्याच्या बटणावर, नाहीतर कायम पूर्ण.

मोड बरोबर लागला की आलेखाकडे वळायचं. मशीन सुरू होताना `Delete` किंवा `F2` दाबत राहिलं की फर्मवेअर उघडतं. आसुसच्या बोर्डावर ही जागा `Q-Fan Control`, गिगाबाइटवर `Smart Fan`, एमएसआयवर `Hardware Monitor`. आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर पंख्याचा टक्का, आणि मध्ये ओढता येणारे चार-पाच बिंदू. हा आलेख विंडोजमध्ये राहत नाही. बोर्डावरची एक छोटी चिप तो स्वतः चालवते, त्यामुळे विंडोज गोठलं तरी पंख्यांचं काम चालू राहतं.

एक मशीन डोळ्यांसमोर ठेवू. प्रोसेसर रायझन ५ ५६००. त्याच्यावर १२० मिलिमीटरचा चार पिनी पंखा असलेला एक उभा कूलर, पंख्याचा कमाल वेग १५०० आरपीएम. पुढे दोन आणि मागे एक असे तीन पिनी, १२०० आरपीएमचे कॅबिनेटचे पंखे. खोलीत ३० अंश. या प्रोसेसरची वरची मर्यादा ९० अंश आहे. तिथे पोचला की तो आपणहून वेग उतरवतो, जळत नाही.

कंपनीचा तयार आलेख बहुधा ४० अंशांपासूनच चढू लागतो, आणि आवाज खाली-वर होतो तो यामुळेच. रायझनचं तापमान मोकळा बसलेला असतानाही ४५च्या पुढे-मागे असतं, आणि ब्राउझरने एका कोअरला क्षणभर कामाला लावलं की एका सेकंदात ६०वर उडी मारतं. आलेखाच्या चढावरच ही उडी पडते, म्हणून पंखा प्रत्येक क्लिकला धावतो.

पण या धावण्याचा उपयोग किती? हिशेब करून बघू. कूलरच्या पात्यांमध्ये आणि नळ्यांमध्ये मिळून अर्धा किलो ॲल्युमिनियम आहे असं धरू. तेवढं ॲल्युमिनियम एका अंशाने तापवायला सुमारे ४५० ज्यूल उष्णता लागते. हा प्रोसेसर मूळच्या सेटिंगमध्ये जास्तीत जास्त ७६ वॅट घेतो, म्हणजे सेकंदाला ७६ ज्यूल. पंखा अजिबात फिरला नाही तरी कूलर एका अंशाने तापायला सहा सेकंद लागतील. मग एका सेकंदात १५ अंशांची उडी कुठून आली? ती आली सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यात. उष्णता तिथे निर्माण होते आणि कूलरच्या तळापर्यंत पोचण्याआधीच सेन्सर ती दाखवतो. पंखा वारा घालतो तो कूलरच्या पात्यांना, आणि ती पाती अजून गारच आहेत. त्या पहिल्या सेकंदांत पंखा ३०० आरपीएमने फिरला काय किंवा १५००ने, त्या उडीवर परिणाम जवळजवळ शून्य. आवाज मात्र पूर्ण.

म्हणून प्रोसेसरच्या पंख्याचा माझा आलेख ६० अंशांपर्यंत सपाट असतो, ३५ टक्क्यांवर. या पंख्याला ते सव्वापाचशे आरपीएम पडतात आणि बंद कॅबिनेटमधून ते ऐकू येत नाहीत. ६०पासून ७५पर्यंत रेषा चढत ६० टक्क्यांवर जाते. ७५ ते ८५ या पट्ट्यात ती उभी चढून १०० टक्क्यांना पोचते. म्हणजे ९०ची मर्यादा यायच्या पाच अंश आधीच पंखा पूर्ण वेगात असतो.

मधला टप्पा ६० टक्क्यांवरच का थांबवला, याला कारण आहे. पंख्याचा आवाज वेगाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. वेग दुप्पट केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो, हा पंख्यांच्या शास्त्रातला जुना आडाखा आहे. त्या हिशेबाने १५०० आरपीएमवरून ९००वर उतरलं की आवाज ११ डेसिबलने घटतो, आणि कानाला दहा डेसिबलची घट म्हणजे साधारण निम्मा आवाज. बदल्यात तापमान किती चढतं? अशा कूलरवर सतत पूर्ण भार असताना बहुधा चार-पाच अंश. ७० होते तिथे ७४. प्रोसेसरला या फरकाने काहीही होत नाही. ७० अंश ‘जास्त’ वाटून पंखा १०० टक्क्यांवर ठेवणारे बरेच भेटतात. ती काळजी आकड्याकडे बघून वाटणारी आहे.

आलेखाइतकंच महत्त्वाचं, पण सहसा दुर्लक्षित राहणारं सेटिंग म्हणजे उशीर. आसुसमध्ये `Step Up` आणि `Step Down` अशा नावांनी तो येतो, गिगाबाइटमध्ये `Temperature Interval` म्हणून थोड्या वेगळ्या रूपात. तापमान वाढलं की लगेच न धावता काही सेकंद थांबायचं, आणि उतरलं की त्याहून जास्त वेळ थांबून मग हळू व्हायचं. चढताना पाच सेकंद आणि उतरताना बारा किंवा अधिक, हा चांगला आरंभ आहे. वरचा सहा सेकंदांचा हिशेब आठवला तर पाच सेकंदांच्या उशिराने कूलरला एक अंशाचाही फरक पडत नाही, हे लक्षात येईल. उतरताना जास्त वेळ यासाठी की कान एकसारख्या आवाजाला सरावतो, खाली-वर होणाऱ्या आवाजाला सरावत नाही. पंधरा मिनिटं एकाच सुरात चाललेला ८०० आरपीएमचा पंखा विसरला जातो, दर दहा सेकंदांनी ५०० ते ८०० करणारा डोक्यात जातो.

कॅबिनेटच्या पंख्यांचा विचार वेगळा करायचा. पहिली गोष्ट, ते तीन पिनी आहेत, तर मोड डीसी. दुसरी, त्यांनी कोणत्या तापमानाकडे बघायचं? मूळ सेटिंगमध्ये बहुतेकदा तेही प्रोसेसरकडेच बघतात आणि त्याच्या प्रत्येक उडीला तिघे मिळून नाचतात. त्यांचं काम मात्र कॅबिनेटमधली हवा बदलण्याचं आहे, आणि ती हवा मिनिटांच्या गतीने तापते. म्हणून तापमानाचा स्रोत बदलून मदरबोर्डचा सेन्सर निवडावा. तो आळशी आहे, आणि इथे आळशीच हवा. ३० अंशांच्या खोलीत तो ३५ ते ४०च्या दरम्यान असतो. तेव्हा ४०पर्यंत ५० टक्के, ५०ला ७० टक्के, ६०ला १०० टक्के एवढं पुरतं. गेमिंगसाठी मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर अडचण अशी की फर्मवेअरला कार्डाचं तापमान सहसा दिसत नाही. कार्डाने सोडलेली गरम हवा बोर्डाच्या सेन्सरला उशिराने कळते, पण कळते. तेवढ्याने भागलं नाही तर विंडोजवर चालणारा FanControl हा मोफत प्रोग्रॅम कार्डाचं तापमान घेऊन कॅबिनेटचे पंखे चालवू शकतो.

डीसी मोडमध्ये किती खाली जायचं, हे पंख्यापंख्यावर असतं. फिरता पंखा कमी व्होल्टेजवरही फिरत राहतो, पण थांबलेल्याला हलवायला जास्त लागतं. पाच-पाच टक्क्यांनी खाली या. समजा ३० टक्क्यांना, म्हणजे साडेतीन व्होल्टच्या आसपास, पंखा थांबला. आता उलटं वर जा. तो ४० टक्क्यांना पुन्हा सुटला, तर आलेखाचा तळ ४५च्या खाली नेऊ नका. दोन वर्षांनी धूळ बसते, बेअरिंगचं तेल घट्ट होतं आणि सुटायला लागणारं व्होल्टेज वाढतं. त्या दिवशी ४० टक्क्यांवर ठेवलेला पंखा सकाळी सुरूच होत नाही, फक्त किंचित थरथरतो. अनेक बोर्डांत ही चाचणी आपोआप करणारं बटण असतं, पण ते पंख्याचं आजचं वय धरून उत्तर देतं.

तीन पंखे सारखेच असले की आणखी एक आवाज उपटतो. एक ९०० आरपीएमला, शेजारचा ९३०ला, असे थोडे पुढे-मागे फिरले तर सात पात्यांच्या पंख्यांमध्ये सेकंदाला साडेतीन वेळा चढ-उतार होणारी ‘वंऽव-वंऽव’ अशी लाट तयार होते. मोटर खराब झाली असं वाटतं. पुढच्या पंख्यांचा आणि मागच्याचा टक्का दहाने वेगळा ठेवला की ती ओळखू येत नाही. काही कॅबिनेटचा पत्रा एका ठरावीक वेगालाच गुणगुणतो. तेव्हा तो वेग आलेखाच्या सपाट भागात येऊ न देता चढाच्या भागात टाकायचा, म्हणजे पंखा तिथे रेंगाळत नाही.

राहिला उन्हाळा. पंख्यांच्या आलेखांचे नमुने बहुतेक गार देशांतल्या २०-२२ अंशांच्या खोल्यांमधून येतात. कूलर कितीही चांगला असला तरी तो खोलीच्या हवेपेक्षा खाली जाऊ शकत नाही, आणि खोलीचं तापमान जितकं वाढतं तितकंच, त्याच भाराला, प्रोसेसरचं वाढतं. जानेवारीत १८ अंशांच्या खोलीत पूर्ण भाराला ७२ दिसलं, तर मे महिन्यात अकोल्यात ३८ अंशांच्या खोलीत त्याच पंख्याच्या वेगाला ९२ व्हायला हवं. म्हणजे प्रोसेसर ९०ला अडून स्वतःला हळू करणार. आलेखाचा वरचा चढ यासाठीच आहे. थंडीत चाचणी घेताना खोलीचं तापमान लिहून ठेवा आणि मे महिन्याचा फरक त्यात मिळवून बघा. चढ पुरेसा वर जात नसेल तर आत्ताच वाढवा. उन्हाळ्यात पंखे थोडे जास्त फिरले तरी फारसं बिघडत नाही, कारण तेव्हा छताचा पंखाच इतका आवाज करत असतो की कॅबिनेटचा ऐकायलाही येत नाही. शांतता खरी लागते ती डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, छताचा पंखा बंद असताना, आणि त्याच वेळी खोलीही गार असते. दोन्ही गोष्टी एकाच बाजूला पडतात हे आपल्याकडच्या हवेचं दुर्मीळ सौजन्य.

सगळं बसलं की फर्मवेअरच्या पडद्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केलं की आलेख पुसला जातो, आणि आधी जतन केलेलं प्रोफाइल नवी आवृत्ती पुष्कळदा स्वीकारत नाही. बोर्डावरच्या सीआर२०३२ या चपट्या सेलचंही असंच. ज्या घरात रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात, तिथे मशीनचं घड्याळ आणि सेटिंग रात्रभर त्या सेलवर राहतं आणि तो काही वर्षांत संपतो. वर्षानुवर्षं गप्प असलेलं मशीन एखाद्या सकाळी अचानक ओरडायला लागलं आणि पडद्यावर तारीखही काही वर्षं मागची दिसली, तर पंख्याला हात लावू नका. सेल बदला, आणि फोटो बघून आलेख पुन्हा भरा.